फाइल नेमकी कुठे पडून राहते?

पुणे परिसरातल्या एमआयडीसीतला एखादा मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. पंपाचं मेकॅनिकल सील गळतंय, नवं हवंय, किंमत 38 हजार. मागणी टाकल्यापासून पर्चेस ऑर्डर निघेपर्यंत कामाचे 19 दिवस गेले. मेंटेनन्सवाले म्हणतात पर्चेस झोपलंय, पर्चेसवाले अकाउंट्सकडे बोट दाखवतात. भांडण मिटवायचं तर स्विमलेन नकाशा काढावा.

कामाच्या पायऱ्या चिन्हांनी मांडायची पद्धत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी 1921 मध्ये अमेरिकेतल्या इंजिनियरांपुढे ठेवली होती. स्विमलेनमध्ये एका गोष्टीची भर पडते: प्रत्येक विभागाला स्वतःचा आडवा पट्टा. मेंटेनन्स, स्टोअर, पर्चेस, अकाउंट्स, प्लँट हेड असे पाच पट्टे आखा आणि सहावा सप्लायरचा. हा सहावा बहुतेक जण विसरतात. काळ डावीकडून उजवीकडे सरकतो. काम ज्याचं, चौकोन त्याच्या पट्ट्यात.

नियमपुस्तिका बघून नकाशा काढू नका. तिथे सगळं वेळेवरच होतं. नुकतीच पूर्ण झालेली एक खरी फाइल घ्या आणि प्रत्येक टेबलावर तीन वेळा विचारा: कागद आला कधी, हातात घेतला कधी, पुढे गेला कधी? पहिल्या दोन उत्तरांतलं अंतर बाणावर लिहा, पुढच्या दोनमधलं चौकोनात.

आपल्या सीलच्या फाइलचे चौकोन भरले की असं दिसतं: मागणीपत्र 20 मिनिटं, स्टॉक तपासणी 10, तीन कोटेशन मागवणं तासभर, तुलनातक्ता अर्धा तास, सही 5 मिनिटं. बजेट तपासणी, परत आलेल्या कागदाची दुरुस्ती आणि ऑर्डर टाइप करणं धरून सगळं मिळून साधारण तीन तास. रोजचे आठ तास धरले तर 19 दिवस म्हणजे 152 तास. म्हणजे फाइलवर खरं काम झालं जेमतेम दोन टक्के वेळ. बाकीचा वेळ बाणांवर गेला, आणि बाण म्हणजे कोणाचंच काम नव्हे, त्यामुळे त्याचा जाबही कोणी विचारत नाही.

आता बाण एकेक करून बघू. स्टोअरपाशी एक दिवस, कोटेशन यायला पाच. अकाउंट्सच्या रांगेत तीन. ही रांग मोजायला सोपी आहे: तिथे सरासरी 15 फाइली पडलेल्या असतात आणि दिवसाला 5 निघतात, म्हणजे नव्या फाइलला सरासरी तीन दिवस लागणारच, क्लार्क कितीही मेहनती असो. हे नातं जॉन लिटल यांनी 1961 मध्ये गणिताने सिद्ध केलं.

मग अकाउंट्सने फाइल परत पाठवली, कारण कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च कोणत्या विभागाच्या नावावर टाकायचा ते, लिहिलेलं नव्हतं. हा उलटा बाण नकाशावर लाल पेनाने काढा. इंजिनियर रात्रपाळीला, तीन दिवसांनी त्याने मेल पाहिला, अकाउंट्सला आणखी एक दिवस. एका रिकाम्या रकान्यापायी चार दिवस गेले. पुढे प्लँट हेड फक्त सोमवारी सह्या करतात. फाइल मंगळवारी सकाळी पोचली. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी वगळून पाच दिवस थांबली. उरलेला एक दिवस ऑर्डर निघण्यात.

उपाय नकाशातूनच सुचतात, आणि त्यात कोणाला झापायची गरज पडत नाही. कॉस्ट सेंटर भरल्याशिवाय मागणी पुढेच जाऊ नये, एवढं केलं की लाल बाण जातो. सह्या आठवड्यातून दोनदा ठेवल्या तर त्या टप्प्यावरची सरासरी वाट निम्मी होते. मात्र अकाउंट्सची तपासणीच काढून टाकायचा मोह आवरा. मागणारा, मंजूर करणारा आणि पैसे देणारा वेगवेगळा असावा, म्हणूनच ती तिथे आहे.

संगणकातल्या नोंदींवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. बऱ्याच ठिकाणी परत आलेली मागणी रद्द करून नवीन टाकतात. तिला नवा नंबर मिळतो, घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि महिन्याच्या रिपोर्टात 19 दिवसांचे दहाच दिसतात. संशय असेल तर मेंटेनन्सच्या ब्रेकडाउन रजिस्टरमधली तारीख पहिल्या मागणीच्या तारखेशी ताडून पाहा.

आणि एका फाइलवरून निष्कर्ष काढू नका. आठ-दहा फाइली त्याच पट्ट्यांवर उतरवा, त्यांत 'अर्जंट' शिक्क्याच्याही दोन-तीन असू द्या. प्रत्येक अर्जंट फाइल रांगेतल्या बाकीच्यांना मागे ढकलते. तसे शिक्के निम्म्या फाइलींवर दिसू लागले, तर साधी रांग इतकी लांबली आहे की लोकांनी तिच्यात उभं राहणंच सोडलंय.