साठीनंतरची कोरडी त्वचा आणि खाज: आंघोळ, साबण आणि क्रीम

दिवाळी उलटली की आमच्या औषधांच्या दुकानात एक मागणी हमखास वाढते: "खाजेवर एखादी ट्यूब द्या." मागणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. अंगावर पुरळ नसतं, गजकर्ण नसतं. नडग्या पांढरट पडलेल्या असतात, नख ओढलं की रेघ उमटते, आणि रात्री पांघरुणात शिरलं की खाज सुरू होते. अशा खाजेला बहुतेक वेळा ट्यूब लागतच नाही. आंघोळीची पद्धत बदलावी लागते.

वयाबरोबर त्वचेतलं तेल कमी होतं. वरच्या थरातल्या पेशींना विटांमधल्या चुन्यासारखी धरून ठेवणारी स्निग्धताही घटते. मग आतलं पाणी उडून जातं. नडगीवर तेलग्रंथी मुळातच कमी असतात, म्हणून सुरुवात तिथून होते. कढत पाणी आणि साबण उरलीसुरली स्निग्धताही धुऊन नेतात.

गेल्या हिवाळ्यात आलेल्या एका आजोबांचंच बघा. वय अडुसष्ट. रोज बंबाचं कढत पाणी, वीसेक मिनिटं आंघोळ, सर्वांगाला दोनदा साबण, पाण्यात जंतुनाशकाचं एक टोपण आणि पायांना वज्री. खाज वाढली की ते आणखी गरम पाणी घेत. तेवढ्यापुरतं बरं वाटे, पण तासाभरात खाज दुप्पट. लोशन लावायचे, पण संध्याकाळी, कोरड्या अंगावर.

त्यांना आम्ही एवढंच सुचवलं. पाणी कोमट, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद लागेल इतपत. आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटपायची. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना. हातापायांना आणि पाठीला नुसतं पाणी पुरतं, कारण घरात बसलेल्या माणसाच्या पाठीवर साबणानेच निघेल असा मळ नसतो. वज्री फक्त टाचांना. जंतुनाशक बंद. अंग पंचाने रगडायचं नाही, टिपून घ्यायचं, आणि त्वचा ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावायचं. दोन आठवड्यांनी ते आले तेव्हा नडगीवरची सालपटं गेली होती आणि रात्रीची झोप लागत होती.

साबण घेताना बरेच जण वेष्टनावरचा टीएफएमचा आकडा बघतात. 76 टक्के किंवा जास्त म्हणजे पहिल्या प्रतीचा साबण, हे खरं. पण तो आकडा साबणात स्निग्धाम्लं किती ते सांगतो. साबण सौम्य आहे का, ते सांगत नाही. खरा साबण कितीही महाग असला तरी अल्कधर्मीच असतो. त्याचा सामू 9 ते 10 च्या घरात, आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, साधारण 5. त्यामुळे कोरड्या त्वचेला साबणविरहित वडी किंवा क्लेन्झर बरा. वेष्टनावर 'सिंडेट' किंवा 'सोप-फ्री' शोधा, आणि बिनवासाचा घ्या. फेस कमी येतो म्हणून तो कमी समजू नका.

क्रीमचा पोत हा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. लोशनमध्ये पाणी जास्त, म्हणून ते पटकन जिरतं, छान वाटतं आणि लवकर संपतं. उन्हाळ्यात हातांना ते चालतं. हिवाळ्यात घट्ट क्रीम हवं: बोटावर घेतलं तर ओघळू नये असं. सालपटं निघत असतील तर मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली. ती चिकट लागते, पण पाणी अडवण्यात तिच्याइतकी स्वस्त आणि चांगली गोष्ट नाही. युरिया 5 ते 10 टक्के असलेलं क्रीम राठ त्वचेला उपयोगी पडतं, मात्र भेगांवर किंवा ओरखड्यांवर झोंबतं; आधी जेलीने त्या भरून येऊ द्या. खोबरेल चालेल, पण आंघोळीआधी लावलं तर बरंचसं वाहून जातं. नंतर लावा.

दोन धोके आवर्जून सांगतो. तेलकट तळव्यांनी फरशीवर घसरायला होतं, म्हणून क्रीम न्हाणीघराबाहेर, बसून लावा. आणि जेली किंवा तेलकट मलम मुरलेले कपडे, पांघरुणं लवकर पेट घेतात. देवाजवळचं निरांजन, शेगडी, विडी यांपासून जपा.

खाजेसाठी मिश्र स्टिरॉइड ट्यूब चिठ्ठीशिवाय मागू नका; आम्ही देणार नाही. तिने म्हातारी, पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते. दोन-तीन आठवडे हे सारं करूनही खाज तशीच राहिली, वजन घटू लागलं, डोळे पिवळे दिसले किंवा नवं औषध सुरू केल्यावर खाज सुटली, तर डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या दुखण्यातही खाज येते. बोटांच्या बेचक्यांत खाज येत असेल आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर ती बहुधा खरूज आहे. तिथे क्रीम पुरणार नाही, आणि उपचार घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यावे लागतात.

दुकानात येताना तुमचा सध्याचा साबण आणि क्रीम पिशवीत घालून आणा. वेष्टन वाचून सांगतो.