‘विच’आधी स्वल्पविराम हवाच का?

“इंग्रजीत ‘विच’ आलं की आधी स्वल्पविराम द्यायचाच, आणि स्वल्पविराम नसेल तर ‘दॅट’च वापरायचं, हे खरं ना?”

अर्धंच खरं आहे. आधी अर्थ ठरतो, मग स्वल्पविराम, आणि शब्दाची निवड सगळ्यात शेवटी.

समजा, फोल्डरमध्ये 40 फाइली आहेत आणि त्यातल्या 15 खराब आहेत. ‘डिलीट द फाइल्स विच आर डॅमेज्ड’ या सूचनेनुसार 15 फाइली जातील, कारण इथे उपवाक्य कोणत्या फाइली ते ठरवतं. आता एकच खूण वाढवा: ‘डिलीट द फाइल्स, विच आर डॅमेज्ड’. झालं, चाळीसच्या चाळीस गेल्या! उपवाक्य आता फक्त जादा माहिती देतंय, ते गाळलं तरी कोणत्या फाइली हे बदलत नाही. अशा उपवाक्यानंतर वाक्य पुढे चालू राहिलं, तर दुसरा स्वल्पविरामही लागतो. लोक नेमका तोच विसरतात.

पहिल्या वाक्यात ‘दॅट’ही चालतं. अमेरिकन संपादक तिथे तेच पसंत करतात. ब्रिटिश लेखनात दोन्ही रुळलेले आहेत. ठरवणाऱ्या उपवाक्याला ‘दॅट’ आणि जादा माहितीच्या उपवाक्याला ‘विच’, ही वाटणी इंग्रजीच्या वापरावर लिहिणाऱ्या फाउलर यांनी 1926 मध्ये सुचवली, पण बहुतेक लेखक ती पाळत नाहीत हेही त्यांनीच मान्य केलं होतं.

उलट बाजू मात्र पक्की आहे. जादा माहितीच्या उपवाक्यात ‘दॅट’ चालत नाही. शब्दयोगी अव्ययाच्या लगेच नंतरही नाही: ‘द फोल्डर इन विच’ बरोबर, ‘इन दॅट’ चूक.