एक लिटर पाण्याला चार मिलिलिटर

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटण-चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि दुपारी तांबडा-पांढरा रस्सा ताटात येतो. या दोन्हींच्या मधला तासभर कच्चे मांस ओट्यावर, कापायच्या पाटावर आणि सिंकच्या कडेला वावरत असते. रस्सा खळखळून उकळतो, त्यामुळे पातेल्यातले जंतू मरतात. पण कच्च्या चिकनच्या पाण्यातून सालमोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पाटावर उतरले आणि त्याच पाटावर नंतर कांदा-कोथिंबीर चिरली, तर ती कोशिंबीर उकळली जाणार नसते. निर्जंतुकीकरणाची खरी गरज इथे, या हातभर जागेपुरती असते.

त्यासाठी घरगुती वापरात सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे द्रव्य म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच बाजारात मिळणारे द्रव ब्लीच. बाटलीवर त्याची टक्केवारी छापलेली असते आणि ती वाचल्याशिवाय माप ठरवता येत नाही. अन्नाशी संबंध येणाऱ्या, आधी धुतलेल्या पृष्ठभागासाठी पाण्याच्या दहा लाख भागांत सुमारे 200 भाग क्लोरीन पुरेसा असतो. पाच टक्क्यांच्या ब्लीचमध्ये हेच प्रमाण 50,000 असते, म्हणून ते अडीचशे पट पातळ करावे लागते. याचाच अर्थ एक लिटर पाण्यात चार मिलिलिटर. बाटली चार टक्क्यांची असेल तर पाच मिलिलिटर घ्यावे. स्वयंपाकघरातल्या चमच्यांचे आकार घरोघरी वेगळे असतात. त्यामुळे औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची पाच मिलिलिटरची सिरिंज या कामासाठी राखून ठेवावी आणि ती औषधाच्या वापरापासून कायमची दूर ठेवावी. ब्लीच सुगंध नसलेले असावे आणि पाणी थंड असावे, कारण गरम पाण्यात हायपोक्लोराइटचे विघटन लवकर होते.

पुरानंतर गल्लीत फवारली जाणारी टीसीएल पावडर अनेक घरांत पुडीत बांधून ठेवलेली असते आणि तीच ओट्यासाठी वापरण्याचा मोह होतो. ताज्या पावडरीत साधारण तीस टक्के उपयुक्त क्लोरीन असतो, परंतु दमट हवेत तो उडून जातो. पंचगंगेला 2021 मध्ये पूर आला तेव्हा आणलेल्या पुडीत आज किती क्लोरीन उरला आहे, हे नुसते बघून कळत नाही. शिवाय तिचा चुनकट गाळ पाटाच्या चरांत बसतो. तिचा उपयोग अंगण, गटार यांच्यापुरता ठेवलेला बरा. द्रव ब्लीचलाही उन्हाचा आणि उष्णतेचा त्रास होतो, म्हणून बाटली गॅसच्या शेगडीपासून दूर, अंधाऱ्या कपाटात ठेवावी आणि पातळ केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे.

आता प्रत्यक्ष पाटाकडे वळू. चिकन कापून झाल्यावर पाटावर रक्ताचा, चरबीचा आणि प्रथिनांचा पातळ थर असतो. क्लोरीन जंतू आणि चरबी असा भेद करत नाही. जे सेंद्रिय द्रव्य आधी भेटेल त्याच्यावर तो खर्ची पडतो. न धुतलेल्या पाटावर ब्लीच ओतले तर वास येतो, पाट पांढरा दिसतो आणि जंतू मात्र थराखाली सुखरूप राहतात. म्हणून आधी साबण आणि घासणीने पाट घासावा, स्वच्छ पाण्याने साबण पूर्ण काढावा, आणि मगच द्रावण ओतून सगळा पृष्ठभाग भिजवावा. चाकूने पडलेले चर इतके खोल असतील की घासणी त्यांत पोहोचत नाही, तर द्रावणही तिथे नीट काम करत नाही; असा पाट बदलावा.

यानंतर जी गोष्ट बहुतेक घरांत वगळली जाते, ती म्हणजे वेळ. द्रावण लावून लगेच फडक्याने पुसले, तर जंतूच्या आवरणातून आत शिरून त्याची प्रथिने मोडायला क्लोरीनला अवधीच मिळत नाही. पृष्ठभाग किमान दोन, शक्यतो पाच मिनिटे ओला राहिला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत पंखा चालू असेल तर पातळ थर मिनिटभरातच सुकू शकतो आणि तो सुकला की काम थांबते. तेव्हा पंखा बंद करावा किंवा पुन्हा द्रावण लावावे. त्यानंतर पाट उभा करून हवेवर वाळू द्यावा, कारण भांडी पुसायच्या फडक्याने तो पुसला तर फडक्यातले जंतू त्यावर परत जातात. स्टीलच्या सिंकमध्ये मात्र द्रावण साठवून ठेवू नये, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. तिथे पाच मिनिटांनंतर पाण्याने धुऊन टाकावे.

चार मिलिलिटर फारच कमी वाटते, आणि नेमका तिथेच धोका सुरू होतो. “जास्त घातले की जास्त स्वच्छ” या समजुतीने कोणी ब्लीच न मोजता ओततो, तर कोणी मोरीचे पिवळे डाग जावेत म्हणून आधी टॉयलेट क्लीनर किंवा सुटे ॲसिड टाकून त्यावर ब्लीच ओततो. या दोन्हींत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ब्लीचशी त्याची अभिक्रिया अशी होते:

NaOCl + 2HCl → NaCl + H₂O + Cl₂

शेवटचा Cl₂ हा क्लोरीन वायू आहे. पाच टक्क्यांच्या केवळ 100 मिलिलिटर ब्लीचमधून, अभिक्रिया पूर्ण झाली तर, सुमारे दीड लिटर क्लोरीन वायू सुटतो. चार फूट बाय साडेसहा फूट आणि आठ फूट उंच अशा बंद न्हाणीघरात तो पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 250 भाग होतात. कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणारी अमेरिकेतील ‘नायोश’ ही संस्था 10 भागांनाच जिवाला तत्काळ धोकादायक पातळी मानते. म्हणजे अपेक्षित वायूचा दहावा हिस्सा सुटला तरी ही पातळी ओलांडली जाते. दोन्ही बाटल्या एकाच वेळी ओतल्या पाहिजेत असेही नाही. मोरीच्या जाळीखालच्या वळणात सकाळचे ॲसिड साचून राहिलेले असते आणि संध्याकाळी ओतलेले ब्लीच तिथे त्याला गाठते. व्हिनेगर आणि लिंबूही आम्लेच आहेत, त्यामुळे तीही ब्लीचसोबत चालत नाहीत. काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. त्याच्याशी ब्लीच मिसळले की क्लोरामाइन हे घशाला आणि फुप्फुसांना झोंबणारे वायू तयार होतात.

मोरीत ॲसिड वापरायचेच असेल तर ते वेगळ्या दिवशी वापरावे आणि नंतर भरपूर पाणी सोडावे. काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर मात्र ते अजिबात नको, कारण कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे आणि आम्लाने त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो.

चुकून मिश्रण झाले आणि डोळे चुरचुरू लागले, खोकला आला, तर पाणी ओतून ते “निवळवत” बसू नये. सगळ्यांनी, विशेषतः लहान मुलांनी, लगेच मोकळ्या हवेत जावे. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणून खाली वाकून बाटल्या उचलण्याचा प्रयत्न करू नये. डोळ्यांत काही उडाले असेल तर पंधरा मिनिटे साध्या पाण्याने डोळे धुवावेत. बाहेर आल्यावर बरे वाटले तरी फुप्फुसांत पाणी साचण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. त्यामुळे धाप किंवा छातीत जडपणा जाणवल्यास, आणि दम्याच्या रुग्णांनी तर तसे काही जाणवण्याआधीच, कोल्हापुरातले सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचे दुसरे रुग्णालय गाठावे आणि कोणत्या दोन वस्तू मिसळल्या गेल्या ते डॉक्टरांना त्यांच्या नावांनिशी सांगावे.