शिजवलेले वरण, भाजी आणि भात : फ्रीजमधील टिकवण

उरलेले वरण, भाजी किंवा भात फ्रीजमध्ये किती दिवस चांगला राहतो, हे बऱ्याच अंशी तो फ्रीजमध्ये जाण्यापूर्वीच ठरलेले असते. फ्रीज जिवाणूंना मारत नाही, त्यांची वाढ मंदावतो. त्यामुळे गॅस बंद केल्यापासून डबा फ्रीजमध्ये जाईपर्यंतच्या वेळात जे घडले, ते पुढे थंडाव्याने किंवा उकळीने पूर्ण भरून निघत नाही. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे भात.

तांदळाच्या दाण्यावर शेतातल्या मातीतून आलेले बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूचे कवचबंद, निद्रिस्त रूप. भात शिजताना जिवाणू मरतात, पण काही बीजाणू तगून राहू शकतात. भात कोमट होऊ लागला की ते जागे होतात आणि ओलसर, पिठूळ भातात वेगाने वाढतात. अशा वाढीत सेरुलाइड नावाचे विष तयार होऊ शकते. हे विष उकळीने नष्ट होत नाही आणि फोडणीच्या कढईतही टिकते. ते पोटात गेल्यास साधारण 1 ते 6 तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. याच जिवाणूमुळे होणारा दुसरा विकार जुलाबांचा असून त्याला 6 ते 15 तास लागतात.

समजा, मे महिन्यात रात्री आठला कुकर लावला आणि जेवणानंतर दोन वाट्या भात कुकरच्या भांड्यातच झाकून ओट्यावर राहिला. भाताचा वरचा थर लवकर निवतो, पण दाबून बसलेला मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि बाहेरची हवाही उष्णच असते. सकाळपर्यंत जिवाणूंना दहा-अकरा तास मिळतात. त्याचा फोडणीचा भात केला, तो चांगला वाफाळला, खमंगही लागला, तरी आधी तयार झालेले विष तसेच राहू शकते. त्याला वास नसतो, चव नसते. हाच भात रात्री नऊ वाजता थाळ्यात पसरून, निवताच डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला असता, तर सकाळी त्याचा फोडणीचा भात निर्धास्त करता आला असता. फोडणीच्या भातासाठी भात शिळा लागतो, पण रात्रभर बाहेर ठेवलेला लागत नाही.

म्हणून निववणे हाच या साऱ्या कामाचा गाभा आहे. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू वाढतात, आणि या टप्प्यात अन्न जितका कमी वेळ राहील तितके बरे. सर्वसाधारण मर्यादा दोन तासांची आहे. हवा 32 अंशांच्या वर असेल, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर नक्कीच, तर ती एक तासावर येते. भात पसरावा. वरण किंवा आमटी मोठ्या पातेल्यात न ठेवता दोन-तीन उथळ भांड्यांत ओतावी, आणि घाई असेल तर ते भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून डावाने ढवळावे. थोडीशी कोमट वस्तू आत ठेवल्याने फ्रीज बिघडतो, ही समजूत अन्नाचेच नुकसान करते. वाफा निघणारे मोठे पातेले मात्र सरळ आत ढकलू नये. त्याने शेजारचे दूध-दही तापते आणि पातेल्याचा मधला भाग तरीही तासन्‌तास गरम राहतो.

घट्ट डाळीत दुसरा धोका असतो. लग्नाच्या किंवा पंगतीच्या मोठ्या भांड्यातील वरणाच्या तळाशी हवा पोहोचत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूला असे हवाविरहित, कोमट अन्न फार मानवते, आणि त्याचेही बीजाणू शिजवण्यातून वाचतात. त्यामुळे होणारे पोटदुखी व जुलाब बहुधा 6 ते 24 तासांत दिसतात. आमसूल किंवा चिंच घातलेली आमटी साध्या वरणापेक्षा थोडी दम धरते, पण घरी घालतो तेवढ्या आंबटपणावर भरवसा ठेवता येत नाही.

वेळेत निववलेले, झाकणाच्या डब्यात आणि 5 अंशांच्या आत असलेले वरण, आमटी व कोरड्या भाज्या तीन दिवस चांगल्या राहतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला शिजवलेल्या उरल्यासुरल्या अन्नाला सरसकट तीन ते चार दिवसांचा आहे. भाताबाबत ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने मात्र फक्त 24 तास सांगितले आहेत. आपल्याकडची उष्ण हवा आणि दिवसातून अनेकदा उघडला जाणारा फ्रीज लक्षात घेता भातासाठी हा कडक नियमच योग्य ठरतो. ओल्या नारळाच्या वाटणाची भाजी आणि पालेभाजी दुसऱ्या दिवशी संपवावी. डबा दाराच्या कप्प्यात न ठेवता आतल्या बाजूस, कच्च्या मांस-मासळीच्या वर ठेवावा.

थंड भात कडक होतो, तो खराब झाल्यामुळे नव्हे. निवताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि वाफ मिळाली की बराचसा मोकळा होतो. आमटीला फेस, आंबूस वास, भाताला तार किंवा बुळबुळीतपणा ही मात्र विटल्याची खूण आहे. असे अन्न चाखूनही पाहू नये. उलट खूण दिसत नाही म्हणून अन्न सुरक्षित आहे, असेही म्हणता येत नाही. उशिरा निववलेल्या भाताचा निर्णय नाकावर सोपवू नये, घड्याळाकडे पाहून घ्यावा.

गरम करताना हव्या तेवढ्याच वाट्या बाहेर काढाव्यात आणि एकदा गरम केलेले उरले तर परत ठेवू नये. वरण गार झाल्यावर बरेच घट्ट होते. तळातून बुडबुडे फुटतात, पण वरचा थर अजून गार असतो, म्हणून अर्धी वाटी पाणी घालून, ढवळत, सगळीकडे खळखळून उकळी येईपर्यंत आणि नंतर दोन-तीन मिनिटे उकळावे. अन्नाच्या गाभ्याचे तापमान 74 अंशांपर्यंत जायला हवे. भातावर चमचाभर-दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर ठेवावा. मधोमध चमचा खुपसला असता तेथूनही वाफ निघाली पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये कडा तापतात आणि मधला भाग गार राहतो, तेव्हा झाकून, मध्येच थांबवून ढवळावे आणि शेवटी दोन मिनिटे तसेच ठेवावे. भाजीचीही हीच रीत आहे. फक्त बटाट्याचे मोठे तुकडे आधी मोडून घ्यावेत, कारण त्यांच्या आत उष्णता उशिरा शिरते.

तान्ही बाळे, गर्भवती आणि फार वृद्ध व्यक्तींसाठी एका दिवसापेक्षा जुने अन्न न वापरणे श्रेयस्कर. फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढणारा लिस्टेरिया हा जिवाणू विशेषतः गर्भाला घातक असतो. तीन दिवसांत संपणार नाही असे वाटले तर डाळ पहिल्याच दिवशी छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये टाकावी. तेथे ती दोन-तीन महिने खाण्यायोग्य राहते. वीज गेली तर फ्रीजचे दार बंदच ठेवावे. दार न उघडल्यास आतला थंडावा सुमारे चार तास टिकतो. त्यानंतर आतला भात आणि वरण बाहेर राहिलेल्या अन्नाइतकेच धोक्याचे समजावे.