निकाल १५ टक्क्यांनी वाढला की २५ टक्क्यांनी?

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात सात रस्त्यापासून नव्या पेठेपर्यंत फ्लेक्स लागतात. कुठे गुणवंतांचे फोटो, कुठे क्लासचं नाव, आणि आता बऱ्याच ठिकाणी आणखी एक ओळ असते: ‘यंदा निकालात इतक्या टक्क्यांची वाढ’. ही ओळ मला फार खटकते. ती खोटी असते म्हणून नव्हे. ती खरी असली तरी तिचे दोन-तीन वेगळे अर्थ निघतात आणि त्यातला कोणता घ्यायचा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, म्हणून.

विडी घरकुल भागातली एखादी शाळा मनात धरू. गेल्या वर्षी ४० मुलं बसली, २४ पास झाली. निकाल ६० टक्के. यंदाही ४० बसली, ३० पास झाली. निकाल ७५ टक्के. आता वाढ किती? मुख्याध्यापक ७५ मधून ६० वजा करून ‘१५’ म्हणतील. संस्थेचे सचिव २४ ची ३० झाली, म्हणजे सहा जास्त, आणि सहा हा चोवीसचा चौथा भाग, म्हणून ‘२५’ म्हणतील. एखादे शिक्षक नापासांकडे बघतील: सोळा होती, दहा राहिली, म्हणजे नापासांचं प्रमाण साडेसदतीस टक्क्यांनी घटलं. तिघांचंही गणित बरोबर आहे. मुलं तीच, पेपर तेच, आणि तीन आकडे.

पहिला आकडा हा दोन टक्केवारींमधला सरळ फरक आहे. त्याचं एकक पर्सेंटेज पॉइंट. इथे मी नुसतं पॉइंट म्हणतो. ६० टक्क्यांवरून ७५ टक्के, म्हणजे १५ पॉइंट. दुसरा आकडा हा टक्केवारीतला बदल: फरक घ्यायचा, जिथून सुरुवात झाली त्या आकड्याने भागायचा आणि शंभराने गुणायचं. १५ भागिले ६०, म्हणजे २५ टक्के. पॉइंटसाठी फक्त वजाबाकी लागते, टक्के बदलासाठी वजाबाकीनंतर भागाकार. सगळा घोटाळा त्या भागाकारात आहे, कारण कशाने भागायचं हे बदललं की उत्तर बदलतं.

बँकवाल्यांनी ही अडचण ओळखून आपली सोय केली आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला, तेव्हा त्यांनी ‘२५ बेसिस पॉइंटची कपात’ असं सांगितलं. एक बेसिस पॉइंट म्हणजे पॉइंटचा शंभरावा भाग. तिथे दोन अर्थ निघूच शकत नाहीत. निकालाच्या बातमीत मात्र आपण दोन्ही गोष्टींना ‘टक्के’ म्हणतो.

आता खरे आकडे घेऊ. सोलापूर जिल्हा राज्य मंडळाच्या पुणे विभागात येतो. मी मात्र सगळ्या राज्याचा दहावीचा निकाल घेतो, कारण त्यात एक विलक्षण चढउतार आहे. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. २०२० मध्ये तो ९५.३० झाला. मुलं एका वर्षात कच्ची आणि पुढच्या वर्षात हुशार झाली नव्हती. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून टाकले होते, २०२० ला ते परत आले. शिवाय २०२० मध्ये कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले.

२०१९ ला ‘निकाल १२.३१ टक्क्यांनी घसरला’ असं छापून आलं. तो आकडा पॉइंटचा आहे: ८९.४१ वजा ७७.१०. टक्के बदल काढायचा तर १२.३१ ला ८९.४१ ने भागायचं, घट १३.७७ टक्के येते. या दोन आकड्यांत फार अंतर नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण हीच घटना दुसऱ्या बाजूने बघा. नापासांचं प्रमाण १०.५९ टक्के होतं, ते २२.९० झालं. वाढ पुन्हा तेच १२.३१ पॉइंट. पण आता भाजक १०.५९ आहे, आणि टक्के वाढ येते ११६. दर हजारी १०६ मुलं नापास होत होती, ती २२९ झाली. ज्या घरातलं मूल त्या वर्षी नापास झालं, त्या घराच्या दृष्टीने ‘दुपटीहून जास्त’ हेच खरं वर्णन होतं.

मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो, म्हणून जरा थांबून बघू. पास आणि नापास मिळून नेहमी शंभर. त्यामुळे एक बाजू जितके पॉइंट उतरते, दुसरी नेमके तितकेच चढते. पॉइंटला बाजू नसते. टक्के बदलाला असते, कारण तो ज्या ढिगातून मोजता त्या ढिगाच्या आकारावर ठरतो. पासांचा ढीग मोठा असेल तर तोच फरक त्यात किरकोळ दिसतो आणि नापासांच्या लहान ढिगात तो प्रचंड दिसतो. दोन्ही ढीग सारखे, म्हणजे सुरुवातीचा निकाल बरोबर ५० टक्के असेल, तेव्हाच दोन्ही बाजूंचे टक्के सारखे येतात. निकाल नव्वदीच्या पुढे गेला की पासांच्या बाजूने टक्के बदल आणि पॉइंट जवळजवळ एकच दिसू लागतात, आणि नापासांच्या बाजूने मात्र आकडे उड्या मारतात. ज्याला सुधारणा मोठी दाखवायची तो नापासांची घट सांगेल, ज्याला घसरण झाकायची तो पासांची.

पुढचं वर्ष जोडू. २०१९ ते २०२०: ७७.१० वरून ९५.३०, चढ १८.२० पॉइंट. टक्के बदल १८.२० भागिले ७७.१०, म्हणजे २३.६१. आता दोन वर्षांचा हिशेब एकत्र करा. पॉइंटमध्ये आधी १२.३१ उणे, मग १८.२० अधिक, निव्वळ ५.८९. थेट ९५.३० मधून ८९.४१ वजा केले तरी ५.८९. हिशेब जुळला. टक्क्यांत हेच करून बघा: उणे १३.७७ अधिक २३.६१, म्हणजे ९.८४. आणि थेट काढलं तर ५.८९ भागिले ८९.४१, म्हणजे फक्त ६.५९ टक्के. जवळजवळ सव्वातीन टक्के कुठून आले? कुठूनच नाही. पहिला टक्का ८९.४१ चा होता, दुसरा ७७.१० चा. वेगवेगळ्या आकड्यांचे टक्के एकमेकांत मिळवता येत नाहीत. पाचशेची सोलापुरी चादर वीस टक्क्यांनी महागून सहाशेला झाली आणि मग वीस टक्के सूट लागली, तर ती पाचशेला मिळत नाही, चारशे ऐंशीला मिळते. इथेही तेच घडतं.

म्हणून गेल्या चार-पाच वर्षांचे निकाल शेजारी ठेवायचे असतील तर पॉइंटच वापरावेत. टक्के बदल बेरजेने नाही, गुणाकाराने जोडावे लागतात.

याच ठिकाणी फ्लेक्सवरच्या आणि हातपत्रकांवरच्या दाव्यांबद्दल सांगतो. परीक्षेच्या हंगामात स्मरणशक्तीचं चूर्ण, मंतरलेलं पेन, विद्याप्राप्तीचा ताईत हे सगळं विकलं जातं, आणि त्यावर ‘निकालात ४० टक्के वाढ’ असलं काही छापलेलं असतं. पेन मंतरून उत्तर सुचत नाही, हे तर आहेच. पण त्या आकड्याची तपासणी पाचवीतल्या गणितानेही होते. निकाल शंभराच्या वर जाऊ शकत नाही. आधीचा निकाल ८० असेल तर पॉइंटमध्ये जास्तीत जास्त वाढ २० आणि टक्क्यांत २० भागिले ८०, म्हणजे २५. ‘८० वरून ४० टक्के वाढ’ या दोन्ही अर्थांनी शक्य नाही. आधी पासांचा आकडा विचारा, मग नापासांचा. दोन्ही सांगता येत नसतील तर त्या ४० ला काहीच अर्थ उरत नाही. आणि ‘आमचे पास विद्यार्थी दीडपट झाले’ असं कुणी म्हणालं तर बसलेले किती होते तेही विचारा. २४ ची ३६ झाली असतील, पण बसलेले ४० चे ५० झाले असतील, तर निकाल ६० वरून ७२ वर गेला. वाढ १२ पॉइंट, म्हणजे २० टक्के, दीडपट नव्हे.

पॉइंट हेच सदा योग्य, असं मात्र मी म्हणणार नाही. ५० वरून ५५ आणि ९४ वरून ९९ हे दोन्ही पाच पॉइंट. पहिल्या ठिकाणी शंभरातले पन्नास नापास पंचेचाळीस झाले, दुसऱ्या ठिकाणी सहातला एकच उरला. दुसरं काम कितीतरी अवघड आहे, आणि पॉइंट ते दाखवत नाही. संख्याशास्त्रात यासाठी पास आणि नापास यांचं गुणोत्तर घेतात: एका नापासामागे किती पास? २०१९ ला ३.३७, २०२० ला २०.२८. म्हणजे सुमारे सहापट. याचा गुण असा की नापासांच्या बाजूने मोजलं तर बरोबर सहावा भाग येतो; बाजू बदलली तरी गोष्ट तीच राहते. ५० ते ५५ मध्ये हे गुणोत्तर १ वरून १.२२ होतं, ९४ ते ९९ मध्ये १५.६७ वरून ९९, म्हणजे सव्वासहापटीहून थोडं जास्त.

आणि आपल्या त्या ४० मुलांच्या शाळेचं? तिथे एक मूल म्हणजे अडीच पॉइंट. दोन मुलं परीक्षेच्या दिवसांत तापाने आजारी पडली तर निकाल पाच पॉइंटने खाली. एवढ्या लहान तुकडीत, शिकवण्यात काहीही बदल झाला नसला, तरी दोन वर्षांतला फरक निव्वळ योगायोगाने दहा पॉइंटपर्यंत इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून त्या १५ पॉइंटांवरून शाळा सुधारली असं ठामपणे म्हणता येत नाही. तीन-चार वर्षांची मुलं एकत्र करून बघावी लागतील. राज्याच्या निकालात पंधरा लाखांच्या आसपास मुलं असतात. तिथे योगायोगाचा वाटा पॉइंटच्या विसाव्या भागाच्या जवळपास राहतो, त्यामुळे २०१९ चे १२.३१ पॉइंट योगायोगाने घसरले असतील ही शक्यताच उरत नाही आणि कारण गुणपद्धतीतच शोधावं लागतं.