ताराराणीतले दोन 'रा' आणि भास्कराचार्यांचा भागाकार

भाचा अकरावीला आहे, परम्युटेशनचा धडा चालूय त्याचा. परवा कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्याजवळ सिग्नलला गाडी थांबली, तर हा मागनं विचारतोय, मामा, ताराराणी या शब्दाची अक्षरं उलटसुलट करून किती शब्द होतील ओ. चार अक्षरं हायत, चोवीस, मी म्हटलं. तर म्हणे नाही, 'रा' दोनदा आहे, सरांनी सांगितलंय दोन फॅक्टोरियलनं, म्हणजे एकपासून दोनपर्यंतच्या गुणाकारानं, भागायचं. भागायचं का, ते काय सांगितलं नव्हतं. जास्तीचे झाले तर वजा करायचे ना, असं त्याचं म्हणणं. प्रश्न अगदी रास्त होता आणि सिग्नल सुटेपर्यंत मला काय उत्तर सुचलं नाही, मग घरी येऊन जुनं वाचलेलं परत काढलं.

हा भागाकार आपल्याकडं बराच जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावती लिहिली, तिच्यात शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. पाश म्हणजे फास, अंकांचा गुंता. आधी सगळे अंक वेगळे असतील तर काय ते सांगितलंय: एक, दोन, तीन असं जितकी स्थानं तितक्यापर्यंत गुणत जायचं, येईल तेवढे भेद. 'भेद' हा त्यांचा शब्द, आपण अरेंजमेंट म्हणतो तेच. त्यात एक उदाहरण २ पासून ९ पर्यंतच्या आठ अंकांचं आहे, उत्तर ४०३२०. गंमत म्हणजे इंग्रजीत कोल्हापूर लिहिलं तर आठ अक्षरं येतात आणि आठही वेगळी, म्हणजे आपल्या गावाचं उत्तर पण तेच, ४०३२०. दुसऱ्या एका उदाहरणात शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं बदलून बदलून दिली तर किती मूर्ती होतील असं विचारलंय, ते ३६ लाख २८ हजार ८०० होतात, मूर्तिकारानं हातच जोडावेत.

मग येतो आपला नियम. जितक्या जागी सारखे अंक असतील, तितक्या जागांचे भेद वेगळे काढायचे आणि आधीच्या भेदांना त्यांनी भागायचं. बस्स. फॅक्टोरियल हा शब्द नाही, त्याच्या खुणेचं उद्गारचिन्ह नाही (ते १८०८ मध्ये क्रिस्तियां क्राम्पनं आणलं, साडेसहाशे वर्षांनी), पण वाक्य नीट वाचलं तर कारण त्यातच दडलंय, कारण भागायचं ते 'सारख्या अंकांच्या भेदांनी', नुसतं ते किती आहेत त्या आकड्यानं नाही.

उदाहरण २, २, १, १ चं आहे. चार स्थानांचे भेद २४, दोन 'दोन'चे भेद २, दोन 'एक'चे भेद २, म्हणून २४ ला आधी २ नं आणि परत २ नं भागा, राहिले ६. मोजून बघा: २२११, २१२१, २११२, १२२१, १२१२, ११२२. भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत, या सगळ्या संख्यांची बेरीज पण विचारतात. उत्तर ९९९९. कसं, तर सहा संख्यांत मिळून प्रत्येक स्थानावर तीनदा २ आणि तीनदा १ येतो, म्हणजे प्रत्येक स्थानाची बेरीज ९. मला ही बेरीज फार आवडते कारण ती मोजणीचा ताळा आहे, एखादी रचना सुटली किंवा दोनदा धरली तर ९९९९ येतच नाही. पुढचं उदाहरण ४, ८, ५, ५, ५ चं. पाच स्थानांचे भेद १२०, तीन पाचांचे भेद ६, भागून २०.

पुढं १३५६ मध्ये नारायण पंडितांनी गणितकौमुदीत अशा सारखे अंक असलेल्या रचना एकामागून एक क्रमानं लिहून काढायची रीत दिली, आणि तिकडं पॅरिसला मेर्सेन या गणितज्ञानं १६३६ मध्ये सुरांच्या चाली मोजताना तोच सूर परत आला तर काय याचा हिशेब मांडला. अंक असो, सूर असो, अक्षर असो, अडचण सगळीकडं एकच.

आता भाच्याचं 'का'. कागद फाडून चार चिठ्ठ्या केल्या. ता, णी, आणि दोन रा, एक लाल पेनानं आणि एक निळ्यानं. रंग दिसतोय तोवर चारही चिठ्ठ्या वेगळ्या आहेत म्हणून मांडण्या २४. आता त्यातली कुठलीही एक मांडणी घे, समजा ता-लालरा-निळारा-णी. दोन्ही रा ची अदलाबदल कर. मांडणी नवीन झाली, पण रंग न बघता वाचलं तर ताराराणीच. म्हणजे प्रत्येक शब्द २४ च्या यादीत बरोबर दोनदा आलाय, एकही शब्द एकदाच आला असं होत नाही. सगळ्या जोड्याच. म्हणून २४ ÷ २ = १२. वजाबाकी केव्हा, तर थोड्याच मांडण्या चुकीच्या असतील आणि बाकीच्या बरोबर असतील तेव्हा. इथं प्रत्येक शब्द सारख्याच पटीत जास्त मोजला गेलाय, मग ती पट काढायला भागणंच पाहिजे.

पण खरी चूक इथं होत नाही, ती पुढं होते. अक्षर दोनदा असेल तर २ नं भागलं काय आणि २! नं भागलं काय, एकच. त्यामुळं पोरांना वाटतं जितक्या वेळा अक्षर आलं तितक्यानं भागायचं, आणि उत्तर बरोबर येतंय म्हणून कोण टोकत पण नाही. सातारा इंग्रजीत लिहा, सहा अक्षरं, त्यात ए तीनदा. ३ नं भागलं तर ७२० ÷ ३ = २४०. पण तीन ए ना तीन रंग दिले तर त्यांच्या तीन जागांवर ते सहा प्रकारे बसतात, लाल-निळा-हिरवा, लाल-हिरवा-निळा असे, म्हणजे प्रत्येक शब्द यादीत सहा वेळा. खरं उत्तर ७२० ÷ ३! = १२०. ताळा सोपा आहे, ए ला हातच लावू नका, बाकीची तीन अक्षरं वेगवेगळी आहेत त्यांना जागा द्या: पहिल्याला ६, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ४, गुणाकार १२०. उरलेल्या तीन जागा आपोआप ए च्या. भास्कराचार्यांच्या ४, ८, ५, ५, ५ लाही तेच, ४ ला पाच जागा, ८ ला चार, झाले २०.

भाच्याला पटलं, मग लगेच त्यानं स्वतःच गणित काढलं, ताराराणीतली फक्त दोन अक्षरं घेऊन किती शब्द? चार रंगीत चिठ्ठ्यांतून दोन, ४ × ३ = १२, भागिले २, सहा. मी म्हटलं लिहून काढ. तारा, राता, राणी, णीरा, ताणी, णीता, रारा. सात आले. आता काय करायचं? परत रंग आणले. तारा यादीत दोनदा आहे, लाल रा आणि निळा रा, तसंच राता, राणी, णीरा पण दोनदा, रारा पण दोनदा, हे झाले दहा. पण ताणी आणि णीता मध्ये रा च नाही, ते एकेकदाच. दहा आणि दोन बारा. सगळ्यांची पट सारखी नाही म्हणून इथं सरसकट भागाकार लागू होत नाही, सगळी अक्षरं वापरली जातात तिथं मात्र तो नेहमी चालतो. काहीच अक्षरं घ्यायची असतील तर रा किती घेतले त्यावरून वेगवेगळे गट करून मोजायचं: रा एकही नाही तर २, एक रा तर ४, दोन्ही रा तर १.

चिठ्ठ्या अजून टेबलावर पडल्यात, आता तो तीन अक्षरांचे शब्द मोजतोय आणि १२ येतायत का म्हणून मला विचारतोय. येतात, मी आधीच मोजलेत, पण त्याला सांगितलेलं नाही.