कास्कारा: कॉफीच्या सालीचा चहा
चव, कॅफीन आणि काढण्याची पद्धत – ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाकीट उघडल्यावर आत मनुकांसारखे दिसणारे, गडद तांबूस, सुरकुतलेले तुकडे दिसतील. ही कॉफीच्या पिकल्या फळाची वाळवलेली साल आणि तिला चिकटलेला गर आहे. फळ बागेतून आलं की पल्परमध्ये घालून बी आणि साल वेगळी करतात. बी पुढे धुऊन, वाळवून, भाजून कॉफी होते. साल बहुतेक बागांमध्ये खताच्या खड्ड्यात जाते. तीच साल स्वच्छ ठेवून वाळवली की कास्कारा तयार होतो.

हे पेय मुळात नवं नाही. येमेनमध्ये कॉफीची सालपटं आलं घालून उकळतात आणि त्याला किशर म्हणतात. तिथे ते रोजचं पेय आहे. इथिओपियात आणि बोलिव्हियातही सालीचा काढा पितात. आजच्या स्वरूपातला कास्कारा मात्र मध्य अमेरिकेतल्या, विशेषतः एल साल्वादोरच्या, कॉफीबागांमधून जगभर गेला. युरोपीय संघाने तो विकायला 2022 साली रीतसर परवानगी दिली.

आमची साल चिकमगळूरकडच्या अरेबिकाची आहे. तिथे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते, त्यामुळे नवा माल थंडी सरताना हातात येतो.

चव कशी असते

कॉफीसारखी नसते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पहिल्या घोटाला बहुतेकांची निराशा याच अपेक्षेमुळे होते. कॉफीचा ओळखीचा वास बी भाजल्यावर तयार होतो. साल भाजलेलीच नसते. कपात येतो तो वाळलेल्या फळाचा स्वाद: मनुका, खजूर, थोडी चिंच, आणि मागे जास्वंदीच्या सरबतासारखा आंबटपणा. रंग मधापासून विटकरीपर्यंत. गोडवा जिभेला जाणवतो, पण साखर घातल्यासारखा नाही.

यात दूध घालू नका. काढा आंबट असतो, दूध फाटू शकतं, आणि नाही फाटलं तरी फळाचा स्वाद दबतो. गूळ चालतो. लिंबाची गरज नसते.

एक कप कसा काढायचा

एका मोठ्या कपाला, म्हणजे 250 मिली पाण्याला, 5 ग्रॅम साल घ्या. लिटरमागे हे 20 ग्रॅम होतं. चमच्याने मोजू नका. सालीचे तुकडे लहानमोठे असतात; एका चमच्यात कधी 2 ग्रॅम बसतात, कधी 4. घरी मसाले तोलायचा छोटा काटा असेल तर तोच वापरा. नसेल तर 100 ग्रॅमच्या पाकिटाचे अंदाजाने वीस भाग पडतात, हे लक्षात ठेवा.

पाणी उकळा, आच बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि सालीवर ओता. झाकण ठेवून 5 मिनिटं मुरू द्या आणि गाळा. तीन मिनिटांत गाळलं तर पेय पातळ आणि नुसतं गोडसर लागतं. आठ-दहा मिनिटं ठेवलं तर घशाला तुरट लागू लागतं. गाळणीत उरलेली साल चमच्याने दाबून पिळायचा मोह होतो. दाबलं की गर खाली उतरतो, पेय गढूळ होतं आणि तुरटपणा वाढतो. साल थोडं पाणी पिऊन फुगते, म्हणून कपात 250 ऐवजी 235 मिलीच्या आसपास येईल.

पेय फिकं वाटलं तर वेळ वाढवू नका, साल वाढवा: 6 ग्रॅम, मग 7. वेळेने तुरटपणा वाढतो, वजनाने चव वाढते. बहुतेक तक्रारी इथेच सुटतात.

येमेनी पद्धतीने करायचं असेल तर अर्ध्या लिटर पाण्यात 12 ग्रॅम साल, ठेचलेलं बोटभर आलं आणि दोन चमचे गूळ घालून मंद आचेवर 5 मिनिटं उकळा. आल्याच्या तिखटाने आणि गुळाने उकळल्याचा तुरटपणा झाकला जातो. आलं न घालता साल उकळणं आम्ही सुचवत नाही.

कॅफीन किती

याबद्दल सर्वांत जास्त विचारलं जातं, आणि सर्वांत जास्त चुकीची माहितीही याचीच फिरते. कास्कारात कॉफीपेक्षा जास्त कॅफीन असतं असं बरेच जण सांगतात. तसं नाही.

वाळलेल्या सालीत वजनाच्या साधारण 0.4 ते 1 टक्का कॅफीन असतं. अरेबिकाच्या बीमध्ये ते 1.2 टक्क्यांच्या आसपास असतं. टक्केवारी पाहिली तर दोन्ही फार दूर नाहीत, गोंधळ इथूनच सुरू होतो. पण कपात किती ग्रॅम पडतात हे पाहा. 250 मिली गाळीव कॉफीला साधारण 15 ग्रॅम पूड लागते, म्हणजे पुडीत 180 मिलीग्रॅम कॅफीन. कास्काराच्या तेवढ्याच कपाला 5 ग्रॅम साल लागते, म्हणजे सालीतच एकूण 20 ते 50 मिलीग्रॅम. सालीतलं सगळं उतरलं तरी यापेक्षा जास्त कपात येऊच शकत नाही.

लंडनच्या एका कॉफी भाजणाऱ्या कंपनीने 2013 साली कास्कारा वेगवेगळ्या प्रमाणात आणि वेगवेगळा वेळ मुरवून प्रयोगशाळेत तपासून घेतला होता. त्यातला सर्वांत मोठा आकडा लिटरमागे 111 मिलीग्रॅमच्या आसपास होता. गाळीव कॉफीत लिटरमागे 400 ते 800 मिलीग्रॅम असतं. म्हणजे आपल्या 250 मिली कपात कास्काराचं कॅफीन 28 मिलीग्रॅमच्या जवळ जातं. आपल्याकडच्या उकळलेल्या चहाच्या कपात साधारण 30 ते 50 मिलीग्रॅम येतं. म्हणून संध्याकाळच्या चहानंतर ज्यांची झोप उडते, त्यांनी कास्कारा रात्री पिऊ नये. कॅफीन कमी आहे, शून्य नाही.

गरोदर स्त्रियांसाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने दिवसभरात सगळं मिळून 200 मिलीग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. चहा, कॉफी, चॉकलेट आणि कास्कारा यांची बेरीज करून पाहा, आणि डॉक्टरांनी कॅफीन बंद सांगितलं असेल तर हाही बंद समजा.

रोबस्टाच्या बीमध्ये अरेबिकापेक्षा कॅफीन बरंच जास्त असतं. दुसरीकडून रोबस्टाची साल घेतली तर वरचे आकडे तिला लावू नका.

थंड अर्क: इथे हिशेब बदलतो

उन्हाळ्यात बरेच जण थंड अर्क करतात. एक लिटर साध्या पाण्यात 60 ग्रॅम साल घालून झाकण लावायचं, फ्रिजमध्ये 16 तास ठेवायचं आणि पातळ सुती कापडातून न पिळता गाळायचं. साल पाणी धरून ठेवते, त्यामुळे अर्क लिटरपेक्षा बराच कमी निघतो. तो गरम काढ्यापेक्षा गोड आणि गोल लागतो, तुरटपणा जवळपास नसतो.

पण इथे सालीचं प्रमाण तिप्पट आहे. सालीत 0.7 टक्के कॅफीन धरलं तर 60 ग्रॅममध्ये 420 मिलीग्रॅम होतं. सगळं उतरत नाही, तरी लिटरमागे जास्तीत जास्त एवढं धरून चाला. ग्लासात 60 मिली अर्क, 140 मिली सोडा आणि बर्फ घेतला तर 25 मिलीग्रॅमच्या आतबाहेर कॅफीन येतं, म्हणजे गरम कपाएवढंच. तोच अर्क कोणी सरबत समजून 300 मिली तसाच प्यायला तर सव्वाशे मिलीग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, आणि ते कॉफीच्या कपाएवढं झालं. म्हणून अर्काच्या बाटलीवर चिठ्ठी लावा. फ्रिजमध्ये तो तीन दिवसांत संपवा. फळाची साखर असल्यामुळे नंतर आंबतो, आणि झाकण उघडताना फुस् असा आवाज आला तर ओतून टाका.

माल चांगला आहे हे कसं ओळखायचं

सालीत पाणी खूप असतं. 100 किलो फळांमागे साधारण 40 किलो ओली साल निघते आणि वाळून ती आठ-नऊ किलोच उरते. हे पाणी झटपट उडालं नाही तर सालीतली साखर आंबते आणि बुरशी धरते. बुरशीतून ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते उकळल्याने जात नाही. म्हणून फळं आधी धुतात, पल्परमधून निघालेली साल त्याच दिवशी जाळीच्या मांडवांवर पातळ पसरतात, पहिला दिवस सारखी परततात आणि आर्द्रता 12 टक्क्यांखाली आली की पोत्यात भरतात.

चांगली साल बोटांनी वाकवली तर आधी किंचित लवते आणि मग तुटते. वास सुक्या फळाचा येतो. व्हिनेगरसारखा किंवा दारूसारखा वास आला तर साल वाळण्याआधीच आंबलेली आहे. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास, किंवा तुकड्यांच्या आतल्या बाजूला पांढरी-करडी लव दिसली तर ती बुरशी. पाखडून, ऊन देऊन ती साल वापरू नका. काळी ठिक्कर आणि चुरा होणारी साल विषारी नसते, पण जुनी झालेली असते आणि पेय लाकडासारखं लागतं.

फळ अख्खं वाळवून नंतर गिरणीत फोडलं की जो भुसा निघतो तो बाजारात स्वस्तात मिळतो. त्यात बीवरचं कडक कवचही असतं, म्हणून पेय भुशासारखं लागतं. फवारणीचं औषध सालीवरच बसतं, त्यामुळे कुठूनही घेताना बागेतल्या फवारणीबद्दल विचारा.

औषधांच्या दुकानात ‘कास्कारा सग्रादा’ नावाचं जे मिळतं ते एका वेगळ्या झाडाचं खोड-साल आहे आणि ते जुलाबाचं औषध आहे. कॉफीशी त्याचा संबंध नाही. नावावरून ते मागवून चहा करू नका.

ठेवण्याबद्दल

साल हवेतली ओल लगेच ओढते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तर तुकडे एकमेकांना चिकटून ढेप होते. काचेची घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, गॅसपासून लांबचं कपाट, एवढं पुरतं. ढेप झाली पण वास सुक्या फळाचाच असेल तर लगेच वापरून टाका. वास बदलला असेल तर नको. घरी पुन्हा धुऊ नका, साखर आणि स्वाद पाण्याबरोबर निघून जातात.

पाकीट उघडताच वास कुबट किंवा आंबूस आला, तर मागच्या बाजूचा बॅच क्रमांक आणि सालीचा फोटो आम्हाला पाठवा आणि उरलेली साल फेकू नका. त्याच बॅचचा आमच्याकडचा नमुना आम्ही तपासतो आणि पाकीट बदलून देतो.